कर्म आणि कर्मा

'कर्मधर्मसंयोगाने त्याच गाडीत आमची गाठ पडली,' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणायचे असते, योगायोगाने. कर्म आणि धर्म हे दोन शब्द उलगडण्यासाठी आपल्याकडे दोन-अडीच हजार वर्षे ग्रंथांवर ग्रंथ लिहिले गेले, आणि मराठीने ते दोन्ही एकत्र बांधून अवचित घडलेल्या गोष्टीला देऊन टाकले. शब्द वापरात आला की झिजतो, वळतो, नवी सोबत धरतो. म्हणून या पुस्तकाची सुरुवात तक्रारीने करायची नाही, हे मी आधीच ठरवले होते. इंग्रजीने आमचे शब्द बिघडवले, असा सूर लावणे सोपे असते. पण तो एकदा लागला की बिघडले म्हणजे नेमके काय झाले, हे पाहायचे राहून जाते.

मला या विषयाकडे ओढले ते एका प्रसंगाने. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातला एक मुलगा मोटारसायकलच्या अपघातात जबर जखमी झाला. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आम्ही बसून होतो. भेटायला आलेल्यांपैकी एक जण शेजारच्याला हळूच म्हणाला, "कर्मा, दुसरं काय!" मुलगा पूर्वी कोणाशी तरी वाईट वागला होता, ते त्याच्या मनात असावे. थोड्या वेळाने मुलाची आजी आली. सुनेच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "भोग आहे बाई, सरेल." केलेल्याचे फळ भोगावे लागते, ही एकच कल्पना दोघांच्या बोलण्यामागे होती. पण एकाच्या तोंडी तिचा निकाल झाला होता आणि दुसरीच्या तोंडी धीर. आजीच्या वाक्यातला जीव 'सरेल' या क्रियापदात होता. भोगले की संपते, हे तिला कोणी शिकवले नव्हते. ते तिच्याकडे भाषेतूनच आले होते. त्या गृहस्थांच्या 'कर्मा'त संपण्याची सोय नव्हती.

त्यांनी शब्द उच्चारला तोही 'कर्मा', शेवटी आकार लावून. 'योग'चा 'योगा' झाला तसाच हा. रोमन लिपीत शेवटचा ऱ्हस्व 'अ' दाखवायला जे अक्षर लिहितात, ते वाचताना 'आ' होते, आणि शब्द परदेशी जाऊन आला आहे हे त्या एका स्वरावरून ओळखता येते. आज शहरी मराठीत 'कर्म' आणि 'कर्मा' हे दोन वेगळे शब्द नांदत आहेत. 'कर्म माझं!' म्हणणारी बाई कपाळावर हात मारून स्वतःविषयी बोलत असते. 'कर्मा!' म्हणणारा जवळजवळ नेहमी दुसऱ्याविषयी बोलत असतो. हा फरक एकदा कानाला लागला की सगळीकडे ऐकू येतो.

हा शब्द इंग्रजीत पंडितांच्या हातून गेला, पण रुळला तो दुसऱ्यांच्या हातून. १७८५ साली चार्ल्स विल्किन्सचे गीतेचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. पुढे मॅक्स म्युलरच्या देखरेखीखाली पूर्वेकडच्या धर्मग्रंथांची ५० खंडांची माला निघाली. हे वाचणारे थोडे होते. सामान्य इंग्रजी वाचकापर्यंत 'कर्मा' पोचवला तो मुख्यतः थिऑसॉफिकल सोसायटीने. १८७५ साली न्यू यॉर्कमध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट १८७९ साली मुंबईत उतरले आणि काही वर्षांनी अड्यारला गेले. या मंडळींना भारतीय विचाराबद्दल खरे प्रेम होते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांचा काळ विकासवादाचा आणि पदार्थविज्ञानाच्या नियमांचा होता. त्यांनी कर्माला निसर्गनियमासारखा नियम केले, आणि जन्मांच्या फेऱ्याला शाळेच्या इयत्तांसारखी वर चढत जाणारी वाट केले. एकदा माणूस झालेला जीव पुन्हा पशुयोनीत जात नाही, असे त्यांचे मत होते. आपल्याकडचे फेऱ्यातून सुटण्याचे ध्येय तिथे प्रगतीचे ध्येय झाले. मग १९७० साली जॉन लेननच्या गाण्याच्या नावात कर्माला 'इन्स्टंट' हे विशेषण लागले, आणि जन्मांचा हिशेबही गळाला. आता रांग मोडून पुढे घुसलेल्या मोटारीचे चाक पुढच्याच खड्ड्यात अडकले, की पाहणारा 'कर्मा' म्हणतो.

इथे परंपरेची बाजूही नीट सांगायला हवी. फळ लगेच मिळू शकते ही कल्पना आपल्याकडे नव्हती असे नाही. योगसूत्रांत याच जन्मी भोगायच्या कर्माला 'दृष्टजन्मवेदनीय' असे वेगळे नावच आहे, आणि फार उत्कट पापपुण्याचे फळ तीन वर्षांत, तीन महिन्यांत, तीन पंधरवड्यांत नाहीतर तीन दिवसांत इथेच मिळते, असे सुभाषितकारही सांगतात. तेव्हा बदल केवळ वेगाचा नाही. तो कुठे आहे, हे मला व्याकरणाने दाखवले.

शाळेत आपण कर्ता, कर्म, क्रियापद शिकतो. यांतली कर्ता आणि कर्म ही नावे थेट पाणिनीकडून आलेली आहेत. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात तो सांगतो, की कर्त्याला आपल्या क्रियेने जे सर्वांत जास्त मिळवायचे असते ते कर्म. आणि कर्ता कोण, तर जो स्वतंत्र असतो तो. आता इंग्रजीतले रोजचे वाक्य घ्या: 'कर्मा विल गेट हिम', म्हणजे कर्मा त्याला गाठेल. या वाक्यात कर्म कर्त्याच्या जागी जाऊन बसले आहे आणि ज्याने ते केले तो माणूस कर्माच्या जागी आला आहे. जे करायचे असते तेच आता करणारे झाले. वाक्यात स्वतंत्र राहिला तो कर्मा. माणूस त्याच्या तावडीत सापडलेला. संस्कृत शास्त्रांतल्या बहुतेक चर्चा मात्र माणूस कर्ता आहे या पायावर उभ्या आहेत, कारण तो कर्ता नसेल तर त्याला विधी सांगण्यात आणि निषेध करण्यात अर्थच उरत नाही. मराठीतही 'कर्म आडवे आले' असे म्हणतात, हे खरे आहे. पण तिथे आडवे आलेले कर्म बोलणाऱ्याचे स्वतःचे असते.

नव्या वाचकाने ही शास्त्रे कोणत्या क्रमाने पाहावीत? मला सर्वांत उपयोगी वाटला तो प्रश्नांचा क्रम. पहिला प्रश्न मीमांसकांचा. वेदकाळात कर्म म्हणजे प्रामुख्याने यज्ञकर्म. यज्ञ आज संपतो आणि त्याचे फळ, स्वर्ग, मेल्यावर मिळायचे. मधल्या काळात ते फळ कुठे असते? मीमांसकांनी उत्तर दिले, की कर्मातून 'अपूर्व' नावाची एक न दिसणारी शक्ती उपजते आणि फळ येईपर्यंत ती टिकते. मधे देव आणून बसवण्याची त्यांना गरज वाटली नाही. कर्म हा शब्द यज्ञापुरता न ठेवता माणसाच्या सगळ्या करण्याला लावावा, हे सांगण्यासाठी टिळकांना १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त पुष्कळ पाने खर्च करावी लागली, ती याच जुन्या अर्थाच्या दबावामुळे. 'कर्मठ' आणि 'कर्मकांड' हे आपले शब्द अजून त्या यज्ञशाळेतलेच आहेत.

जैनांचा प्रश्न वेगळा: कर्म जिवाला चिकटते कसे? त्यांच्या मते कर्म हे अक्षरशः द्रव्य आहे, अतिसूक्ष्म पुद्गल. राग, मान, माया, लोभ या कषायांनी जीव ओलसर झाला की त्यावर ते धुळीसारखे बसते. ते येऊ न देणे म्हणजे संवर आणि बसलेले झाडून टाकणे म्हणजे निर्जरा. इंग्रजीत 'गुड कर्मा साठवतो आहे' असे बोलतात, ते ऐकायला या मताच्या जवळचे वाटते. पण जैन आचार्यांच्या दृष्टीने पुण्यकर्म हीसुद्धा बेडीच, फक्त सोन्याची. साठवायचे काहीच नाही, मोकळे व्हायचे आहे. शब्द तोच राहिला आणि हिशेबाची वही उलटी धरली गेली.

बुद्धाने प्रश्न मनाकडे नेला. त्याच्या मते चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. नकळत पायाखाली मुंगी आली आणि ठरवून मारली, यांत त्याने मोठा भेद केला. त्याहून मला मोलाचा वाटतो तो संयुत्त निकायातला सीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेला संवाद. माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच होते असे काही लोक म्हणतात, तुमचे मत काय, असे सीवक विचारतो. बुद्ध कारणे सांगतो: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र कोप, ऋतूंतला बदल, हयगयीने वागणे, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कारण, कर्माचा विपाक. सगळे पूर्वकर्मामुळेच घडते असे म्हणणारे लोक स्वतःला आलेल्या अनुभवाच्या आणि जगाने जे खरे मानले आहे त्याच्या पलीकडे जातात, असे तो स्पष्ट सांगतो. आठ कारणांत कर्म एक, आणि तेही शेवटी. अतिदक्षता विभागाबाहेर ऐकलेला तो 'कर्मा' मला आठवतो तेव्हा हा संवादही आठवतो. त्या मुलाच्या बाबतीत सातवे कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते: उलट बाजूने आलेला टेम्पो.

वेदान्त्यांनी केलेली तिहेरी वाटणी मराठी घरांत सर्वांत खोल मुरली. भात्यातले बाण म्हणजे संचित, हातातला बाण म्हणजे क्रियमाण आणि सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध. सुटलेला बाण परत घेता येत नाही. ज्ञान झाल्यावरसुद्धा तो पल्ला संपेपर्यंत जाणारच. पण पल्ला संपतो. आजीच्या 'सरेल'चे शास्त्र हे. आणि हातातला बाण अजून सोडायचा आहे, म्हणजे कर्त्याला जागा आहे. इंग्रजीतल्या 'कर्मा'त तिन्ही बाण एक झाले आहेत, म्हणून त्यात ना शेवट दिसतो, ना पर्याय.

धर्माची कथा याहून जुनी आहे, कारण धर्म या शब्दाच्या परदेशी भाषांतराचा एक फार प्राचीन पुरावा आजही दगडावर आहे. अफगाणिस्तानात कंदाहारजवळ १९५८ साली अशोकाचा एक लेख सापडला. वरचा भाग ग्रीक भाषेत, खालचा अरामाइक भाषेत. अशोकाने इतरत्र प्राकृतात 'धंम' हा शब्द वापरला आहे. इथे ग्रीक लिहिणाऱ्याने त्यासाठी 'युसेबिया' हा शब्द घेतला. देवांविषयी, आईबापांविषयी, वडीलधाऱ्यांविषयी असावा तो आदर, असा त्याचा अर्थ. अरामाइक लिहिणाऱ्याने त्याच ठिकाणी 'सत्य' अशा अर्थाचा शब्द लिहिला. एकाच राजाची आज्ञा, एकच खडक, आणि दोन भाषांतरकारांना दोन वेगळे शब्द सुचले. लेखात पुढे राजाने प्राणिहत्या सोडल्याचे, त्याच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनी शिकार थांबवल्याचे, लोक आईबापांचे ऐकू लागल्याचे सांगितले आहे. म्हणजे सारा भर वागणुकीवर आहे. कोणत्या पंथाचे व्हावे याविषयी त्यात काही नाही.

त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी इंग्रजांपुढे प्रश्न आला तो कोर्टाचा. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने ठरवले, की वारसा, लग्न, जात अशा बाबतींत हिंदूंचा निवाडा त्यांच्या शास्त्रांप्रमाणे करायचा. त्यासाठी धर्मशास्त्र हा कायद्याचा ग्रंथ मानला गेला. १७९४ साली विल्यम जोन्सने मनुस्मृतीचे भाषांतर केले, तेही हिंदू कायद्याचे पुस्तक म्हणून. ज्या ग्रंथात दात कधी घासावेत इथपासून राजाने कर किती घ्यावा इथपर्यंत सारे आहे, त्यातले न्यायाधीशाच्या उपयोगाचे तेवढे पुढे आले. मिशनऱ्यांना दुसरा शब्द हवा होता, 'रिलिजन'ला प्रतिशब्द, आणि त्यांनीही धर्मच उचलला. पुढे जनगणनेच्या तक्त्यात त्याचा रकाना झाला. ज्याला अनेकवचन आहे, ज्यात माणूस जन्मतो किंवा ज्यात तो प्रवेश करतो, अशी वस्तू धर्म झाला.

इथेही मला व्याकरणच वाट दाखवते. मूळ वापरात धर्म हा बहुधा षष्ठी मागणारा शब्द आहे: कोणाचा धर्म, कशाचा धर्म. न्यायशास्त्रात तर धर्म आणि धर्मी अशी जोडीच आहे. ज्याच्या ठिकाणी धर्म राहतो तो धर्मी. मराठीने हे आश्चर्यकारक निष्ठेने सांभाळले. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात पाण्याचे 'गुणधर्म' असतात. 'शेजारधर्म' असतो, 'यजमानधर्म' असतो, राजकारणात 'युतीधर्म' पाळला जातो नाहीतर मोडला जातो. भिकारी 'धर्म करा' म्हणतो तेव्हा तो पंथाचे काही मागत नसतो, आणि 'धर्मादाय आयुक्त' हे सार्वजनिक विश्वस्त संस्थांवर देखरेख करणारे अधिकारी असतात. यांतल्या एकाही जागी 'रिलिजन' बसवून पाहा, वाक्य उभे राहत नाही. तरी त्याच मराठीत जनगणनेचा रकानाही 'धर्म'च आहे. हा दुपेडी वापर राज्यघटनेच्या उद्देशिकेत स्पष्ट दिसतो. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने 'सेक्युलर' हा शब्द तिच्यात आला. हिंदी पाठात त्यासाठी 'पंथनिरपेक्ष' आहे, मराठी पाठात 'धर्मनिरपेक्ष'. हिंदी भाषांतरकारांनी धर्म हा शब्द बाजूला ठेवला. आपण रकान्यातला अर्थ घेतला. या एका शब्दावरून घातलेले कितीतरी वाद वस्तुतः दोन अर्थांचे वाद आहेत.

इंग्रजीत अलीकडे धर्माला तिसरेच रूप आले आहे. 'फाइंड युअर धर्मा' म्हणजे तुमच्या मनाला आवडणारे काम शोधा. हे ऐकायला मोकळे वाटते, आणि त्यातली निवडीची मोकळीक मलाही हवीशी वाटते. पण तिला स्वधर्म म्हणू नये. गीतेतला स्वधर्म निवडायचा नव्हता. तो वर्णाने आणि स्थितीने ठरून आलेला होता, नावडता असला तरी. त्या ठरून येण्यात अन्याय होता हे सांगण्यासाठी महाराष्ट्राला इंग्रजी पुस्तकांची वाट पाहावी लागली नाही. जोतीराव फुल्यांनी धर्म हा शब्द टाकला नाही, त्याच्यापुढे सत्य जोडले. त्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ साली त्यांच्या निधनानंतर निघाले. कंदाहारच्या अरामाइक लेखकाला सुचलेला शब्दही सत्यच होता, आणि मला हे साम्य विसरता येत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी याहून पुढचे पाऊल टाकले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच त्यांनी 'धम्म' तसाच ठेवला, आणि रिलिजन आणि धम्म यांत फरक का करायचा हे ग्रंथात सविस्तर सांगितले. रिलिजन ही ज्याची त्याची खासगी बाब मानली जाते. धम्म मूलतः सामाजिक आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोघे आले की ती सुरू होते, असा त्यांचा युक्तिवाद. हरवलेली षष्ठी इथे परत आली आहे: धम्म म्हणजे एकाचे दुसऱ्याशी असलेले नाते. कर्माविषयीही त्यांनी कठोर प्रश्न विचारला. गरिबाची स्थिती त्याच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ ठरवली, की समाज आणि राज्यसंस्था जबाबदारीतून सुटतात. या सिद्धान्ताचा दुसरा काय उपयोग? दवाखान्यातल्या त्या गृहस्थांचा 'कर्मा' परदेशातून आला असेल, पण दुसऱ्याच्या दुःखावर तो शिक्का मारण्याची सवय आपल्या घरचीच होती. हे न सांगता इंग्रजीला दोष देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मग या शब्दांचे भाषांतर करावे तरी कसे? महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजीत लिहिला. १९३० ते १९६२ या काळात त्याचे पाच खंड निघाले. आरंभीच त्यांनी मान्य केले, की धर्म या शब्दाला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द देणे अशक्य आहे. ग्रंथाच्या नावात त्यांनी 'धर्मशास्त्र' तसेच ठेवले आणि अर्थ पानोपानी दाखवला. आमच्यापुढे आदर्श तोच आहे.

या पुस्तकात प्रत्येक शब्द तीन घरांत जाऊन पाहिला आहे: संस्कृत-पाली-प्राकृताच्या, मराठीच्या आणि इंग्रजीच्या. धर्म आणि कर्म यांना अर्थातच अधिक पाने दिली आहेत. अवतार, गुरू, मंत्र, माया, निर्वाण यांची वळणे थोडक्यात आहेत, कारण ती तुलनेने सरळ आहेत. 'पंडित' तर इंग्रजी वृत्तवाहिन्यांवर निवडणुकीचा अंदाज सांगणारा झाला, याहून त्याच्याविषयी फार सांगण्याजोगे नाही. शुद्ध अर्थ कोणता आणि अशुद्ध कोणता, असा निवाडा लेखकांनी केलेला नाही. कोणत्या वाक्यात कोणता अर्थ आहे आणि तो बदलला तर कोणाचे काय जाते, एवढेच पाहिले आहे. द्राविडी भाषांतला, तसेच थायलंड, ब्रह्मदेश, तिबेट इथला या शब्दांचा प्रवास आम्ही घेतलेला नाही. त्यासाठी त्या भाषा जाणणारी माणसे हवीत, आणि अर्धवट माहितीवर लिहिण्यापेक्षा ती जागा मोकळी ठेवली आहे.

वाचकांना एक विनंती. 'भोग सरेल'सारखे शब्दप्रयोग कोशांत सापडत नाहीत, ते घरात सापडतात. तुमच्या गावात, तुमच्या आजीच्या बोलण्यात, कोकणीत, वऱ्हाडीत, अहिराणीत कर्म आणि धर्म वेगळ्या अर्थाने येत असतील, तर पूर्ण वाक्य, ते कोण कोणाला म्हणाले आणि कोणत्या प्रसंगी, एवढे लिहून प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवा. दुसऱ्या आवृत्तीसाठी अशा वाक्यांची वही आम्ही उघडली आहे, आणि तिच्यातले पहिले वाक्य त्या आजीचे आहे.